नवी बॅटरी, जुना आकडा: टक्केवारी का चुकते आणि फोनचा गेज पुन्हा कसा शिकतो

बॅटरी बदलून नेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानाच्या पायरीवर दिसलं की पोटात गोळा येतो. यावेळी अंगणवाडीच्या ताई होत्या. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, खरं सांगा, नवी टाकली का जुनीच पुसून परत घातली?"

त्यांचं चुकत नव्हतं. सकाळी १०० वर असलेला फोन दुपारी चारला १५ वर यायचा. जुन्या बॅटरीवरही अगदी हेच व्हायचं. फोन साडेतीन वर्षांचा, ४००० एमएएचचा अँड्रॉइड, आत क्वालकॉमची चिप. जुनी बॅटरी फुगायला लागली होती म्हणून बदलली. नवी बॅटरी नेहमीच्या माणसाकडून आणलेली, लावण्याआधी व्होल्टेजही पाहिलेलं. तरी पैसे परत द्यायची वेळ आलीच असं धरून मी फोन ठेवून घेतला.

बॅटरी चांगली निघाली. खोटं फोन बोलत होता, तेही जुन्या बॅटरीची आठवण धरून. असे फोन वर्षातून सात-आठ तरी येतात, आणि नेटवर त्यावर मिळणारा "तीन-चार वेळा फुल चार्ज करा, होईल नीट" हा सल्ला निम्म्या वेळा का लागू पडत नाही, ते याच फोनने मला नीट शिकवलं.

आधी चूक कुठल्या बाजूची आहे ते ठरवा

टक्केवारी दोन बाजूंनी चुकते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात फोन पटापट खाली येतो, पण १ टक्क्यावर आला की तिथेच तासन्‌तास तग धरतो. म्हणजे आत माल शिल्लक आहे, पण टक्के मोजणाऱ्या गेजला तो दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात टक्के सावकाश उतरतात आणि २०-२२ वर असताना फोन अचानक बंद पडतो. म्हणजे गेजला दिसतंय तेवढं आत नाही.

पहिला प्रकार ओळखायला कठीण, कारण १ टक्क्यापर्यंत कुणी थांबतच नाही. ताई १५ झाले की चार्जरला लावायच्या. त्यामुळे खालचा शिल्लक साठा त्यांना कधी दिसलाच नाही, आणि नवी बॅटरी जुन्याइतकीच चालते असं त्यांचं पक्कं मत झालं.

काही फोनमध्ये १ वर थांबायची सोयही नसते. आकडा ० झाला की अँड्रॉइड फोन बंद करून टाकतो, बॅटरीत कितीही असो. तिथे एक साधी खूण आहे. बंद झालेला फोन दहा मिनिटांनी चार्जर न लावता चालू करा. व्यवस्थित चालू होऊन एकदम २०-२५ टक्के दाखवायला लागला तर गेज चुकतोय. लोगोवरच मान टाकली तर बॅटरी खरोखर संपलेली किंवा दुबळी आहे.

गेज मोजतो कसा

फोनमध्ये बॅटरीची पातळी बघायला टाकीसारखी काचेची नळी नसते. फ्युएल गेज म्हणजे एक मोजणी-चिप. बॅटरीच्या वाटेत अगदी कमी रोधाचा एक रेझिस्टर असतो. त्यातून किती प्रवाह गेला आणि किती परत आला याचा हिशोब ती चिप सतत ठेवते. पण नुसत्या गेल्या-आल्याच्या हिशोबावरून टक्के काढता येत नाहीत. टक्के काढायचे तर भांडं केवढं आहे तेही माहीत हवं. हा "भांडं केवढं" चा आकडा गेज अनुभवातून शिकतो आणि लक्षात ठेवतो.

घरात सिलिंडर किती शिल्लक आहे ते आपण असंच सांगतो. "मागचा तीस दिवस चालला, आज पंचविसावा, म्हणजे संपत आला." आता समजा मागच्या सिलिंडरची नळी गळत होती म्हणून तो तिसाव्या दिवशी संपला. या वेळी नळी बदलली, पण हिशोब तीसचाच राहिला, तर पंचविसाव्या दिवशी आपण विनाकारण दुसरा नंबर लावतो. नव्या बॅटरीच्या बाबतीत गेज नेमकं हेच करतो.

दुसरी खूण व्होल्टेजची. बॅटरी बराच वेळ काम न करता पडून राहिली की तिचं स्थिर व्होल्टेज साठ्याशी जुळतं, आणि गेज त्याच्याशी आपला हिशोब ताडून बघतो. अडचण अशी की लिथियम बॅटरीत मधला पट्टा सपाट असतो. ३.७ ते ३.८५ व्होल्टच्या एवढ्याशा फरकात जवळपास निम्मा साठा सामावलेला. तिथे व्होल्टेजवरून पक्कं काही सांगता येत नाही. भरवशाची टोकं दोनच, अगदी भरलेलं आणि अगदी रिकामं.

हा गेज बसतो कुठे, हे दुरुस्तीवाल्याने आधी बघावं. आयफोनमध्ये तो बॅटरीच्याच छोट्या पट्टीवर असतो. बॅटरी बदलली की आठवणही बदलते. म्हणूनच जुनी पट्टी कापून नव्या सेलला जोडली, जे आमच्या धंद्यात हल्ली बरंच चालतं, तर नव्या सेलवर जुन्या बॅटरीची सायकल-संख्या आणि जुनी क्षमता येऊन बसते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये गेज मदरबोर्डवर असतो, आणि बॅटरीवर फक्त संरक्षण-चिप, तापमानाचा थर्मिस्टर आणि ओळखीचा रेझिस्टर. नवी बॅटरी त्याच ओळखीची असेल तर बोर्डाला काही बदललंय हे कळायला मार्गच नाही.

शिकलेला आकडा वाचा

यासाठी रूट लागत नाही. डेव्हलपर ऑप्शनमधून वायरलेस डीबगिंग चालू करा (अँड्रॉइड ११ पासून ते आहे). केबलने जोडलं तर कॉम्प्युटर फोनला चार्ज करायला लागतो आणि व्होल्टेज वर चढतं, म्हणून वायरलेस बरं. मग adb असलेला कॉम्प्युटर वाय-फायवरून फोनशी जोडा आणि एवढंच:

```
adb shell dumpsys battery
```

ताईंचा फोन १५ टक्क्यांवर असताना आलेल्या ओळींपैकी कामाच्या या:

```
  Charge counter: 417000
  status: 3
  level: 15
  voltage: 3772
  temperature: 304
```

`Charge counter` म्हणजे गेजच्या मते आत्ता आत असलेला साठा, मायक्रोअँपिअर-तासांत. हजाराने भागलं की ४१७ एमएएच. हे जर १५ टक्के, तर पूर्ण भांडं ४१७ भागिले ०.१५, म्हणजे २७८० एमएएच. बॅटरी ४००० ची, गेज धरून बसलाय २७८०. साडेतीन वर्षं झिजलेल्या बॅटरीला शोभेल असाच आकडा.

`voltage` ची ओळ त्याला दुजोरा देते. स्क्रीन मंद, फारसं काही चालू नाही, आणि १५ टक्क्यांवर ३.७७ व्होल्ट? या जातीच्या बॅटरीत १५ टक्क्यांवर ३.७ च्या आसपास किंवा खालीच दिसायला हवं. ३.७७ म्हणजे ४० टक्क्यांच्या जवळपास. `temperature` मधला ३०४ म्हणजे ३०.४ अंश, ते ठीक.

एक सावधगिरी. सगळ्या फोनमध्ये हा काउंटर शून्यापासून मोजत नाही. १०० टक्क्यांवर वाचून बघा. आकडा बॅटरीच्या क्षमतेच्या टप्प्यातला आला तरच हा भागाकार खरा धरा.

बॅटरीची साक्ष गेजकडून घेऊ नका

ज्याच्यावर संशय त्यालाच विचारण्यात अर्थ नाही, म्हणून मी बाहेरचा यूएसबी मीटर लावतो. फोन पूर्ण संपवून, बंद ठेवून, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर मीटरमधून भरला. मीटरने १७.६ वॉट-तास दाखवले. चार्जिंगमध्ये साधारण १० ते १५ टक्के उष्णतेत जातात, म्हणजे बॅटरीत गेले किमान १५ वॉट-तास. त्याला ३.८५ व्होल्टने भागलं की ३९०० एमएएचच्या आसपास. बॅटरी खरोखर २७८० ची असती तर मीटर १२-१३ वॉट-तासांवरच थांबला असता. मीटरचे एमएएच बघू नका, वॉट-तासच बघा. मीटर ५ व्होल्टचे एमएएच मोजतो आणि बॅटरी ३.८५ ची, त्या गोंधळात चांगली बॅटरीही नापास होते.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. मधेच फोन चालू करून पाहिला तर स्क्रीनवर १०० आलेले, पण मीटरवर अजून दीड अँपिअर चालूच. भरून झालेल्या फोनमध्ये प्रवाह हळूहळू गळून जवळजवळ शून्यावर यायला हवा. १०० दाखवल्यावरही तासभर जोरात चार्ज होत राहणं ही गेजने भांडं लहान धरल्याची घरबसल्या दिसणारी खूण आहे.

बॅटरी निर्दोष ठरली. फोन १ टक्क्यावर आणून मंद उजेडात व्हिडिओ लावून ठेवला, तीन तासांहून जास्त चालला. ताईंना बोलावून तेवढं दाखवलं, तेव्हा कुठे त्यांचा आवाज खाली आला.

शिकत का नाही

आता खरा गुंता. ताईंनी तीन आठवडे रोज फोन १०-१५ पर्यंत उतरवला आणि रात्री १०० केला. नेटवरचा सल्ला तंतोतंत पाळला. आकडा २७८० च्या २७८०.

हिशोब मांडला तेव्हा कळलं. गेज १० टक्के दाखवतोय तेव्हा तो २७८० चे ९० टक्के, म्हणजे २५०२ एमएएच बाहेर गेले असं मोजून बसलाय, आणि ते मोजमाप खरंच आहे. रात्रभरात बॅटरीत परत जातात तेवढेच २५०२. मग गेज स्वतःशी म्हणतो, "१० पासून १०० पर्यंत, म्हणजे ९० टक्क्यांत २५०२ गेले. तर पूर्ण भांडं २५०२ भागिले ०.९. बरोबर, २७८०." स्वतःच्या चुकीने स्वतःलाच पास करून घेतो. सुरुवातीचा १० टक्क्यांचा बिंदूच खोटा आहे, खरे तिथे ३६ आहेत. सपाट पट्ट्यात असल्याने व्होल्टेजही त्याला ठामपणे अडवत नाही. तुम्ही हे शंभर वेळा करा, तो शंभर वेळा तेच शिकेल.

म्हणून खालचं टोक खरं गाठावं लागतं. मी करतो ते असं.

आधी बॅटरी वाचवायच्या सोयी बंद करा. ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवणारी मर्यादा चालू असेल तर वरचं टोक कधीच येत नाही आणि शिकण्याचा प्रश्नच मिटतो. रात्री हळू चार्ज करणारा प्रकारही तात्पुरता बंद. मग फोन वापरून आपोआप बंद पडू द्या. शेवटच्या टप्प्यात गेम लावू नका, मंद उजेडात व्हिडिओ लावा. जोराचा प्रवाह ओढला की व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली दबतं आणि फोन वेळेआधी बंद होतो, म्हणजे पुन्हा खोटं टोक.

बंद पडल्यावर लगेच चार्जरला लावू नका. पाचेक तास तसाच पडू द्या. मघाशी दबलेलं व्होल्टेज या वेळात वर येऊन स्थिरावतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गेज चिपच्या कागदपत्रांत याची अट दिलेली आहे. व्होल्टेजचा बदल सेकंदाला ४ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी झाला तरच ती बॅटरी विसावली असं मानते, आणि रिकाम्या बॅटरीला त्यासाठी पाच तास द्यायला सांगतात. मी दुकान बंद करताना फोन संपवून ठेवतो आणि सकाळी आल्यावर लावतो. त्याहून जास्त नको, रिकामी बॅटरी बरेच दिवस पडून राहिली तर तिचं नुकसान होतं.

मग साध्या चार्जरवर, कव्हर काढून, एका दमात भरा. मधे काढायचा नाही. १०० दिसल्यावर आणखी तास-दीड तास, `status: 5` म्हणजे पूर्ण भरल्याची खूण येईपर्यंत. उन्हाळ्यात इथे फसतं. पत्र्याखालच्या दुकानात मे महिन्यात फास्ट चार्जर लावला की बॅटरी सहज ४५ अंशांवर जाते, आणि क्वालकॉमच्या गेज-ड्रायव्हरमध्ये १५ ते ४५ अंशांच्या बाहेर शिकणं थांबवायची मर्यादा ठरवलेली असते. फोन तसा भरतो, पण ती फेरी हिशोबात धरली जात नाही. असले फोन मी फरशीवर, पंख्याखाली ठेवतो.

आणि तरीही फक्त अर्धा टक्का

अशा तीन खऱ्या फेऱ्या केल्या. प्रत्येक वेळी १०० वर काउंटर वाचला. आकडे आले २७९४, २८०८ आणि २८२२.

मी आधी वैतागलो. मग तिन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. २७८० चा अर्धा टक्का १३.९. २७९४ चा अर्धा टक्का १४. दर वेळी नेमका अर्धा टक्का. मोजमाप असं नेमकं येत नसतं. कुणीतरी हात धरला होता.

क्वालकॉमच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत दिलेल्या माहितीत हे उघड लिहिलेलं आहे. `qcom,cl-max-increment` ची मूळ किंमत ५ आणि `qcom,cl-max-decrement` ची १००, एकक टक्क्याचा दहावा भाग. म्हणजे एका फेरीत शिकलेली क्षमता फार तर अर्धा टक्का वाढू शकते, पण उतरायची तर एकदम १० टक्के उतरू शकते. फोन बनवणारी कंपनी हे आकडे बदलू शकते. या फोनमध्ये बदललेले नव्हते एवढंच.

बनवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर यात शहाणपण आहे. बॅटरी म्हातारी होते, तरुण होत नाही. क्षमता अचानक वाढलेली दिसली तर मोजण्यातच काहीतरी चुकलं असणार, म्हणून सावकाश मान्य करा. बॅटरी बदलली जाईल हे त्या हिशोबात धरलेलं नाही.

आता २७८० वरून ३९०० ला अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने जायचं तर ६८ फेऱ्या लागतात. त्याही खऱ्या, म्हणजे रिकामं करून, विसावा देऊन, पूर्ण भरून. आठवड्याला दोन धरल्या तर आठ महिने. एवढ्या वेळा नवी बॅटरी तळापर्यंत नेणं म्हणजे आकडा सुधारण्यासाठी बॅटरी झिजवणं. उलट गेज ४००० धरून बसला असता आणि बॅटरी ३१०० चीच असती, तर ३६००, ३२४०, ३१०० अशा तीन फेऱ्यांत जागेवर आला असता. "तीन-चार वेळा करा" हा सल्ला खाली येणाऱ्या गेजला लागू पडतो. वर चढणाऱ्याला नाही.

त्यामुळे जुना कमी आकडा चिकटला असेल तर त्याला चढवत बसण्यापेक्षा पुसून मूळ क्षमतेवर आणणं हाच खरा मार्ग. तिथून उतरायला एक-दोन फेऱ्या पुरतात.

पुसायचा कसा? काही फोनमध्ये फार सोपं असतं. बॅक पॅनल उघडून बॅटरीचा कनेक्टर काढा, चार्जर लावलेला नको, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. गेजची स्मृती विजेवर टिकणारी असेल तर ती जाते आणि आकडा मूळ क्षमतेवर येतो. ताईंच्या फोनमध्ये तसं झालं नाही. काही फोनमध्ये सॉफ्टवेअर हा आकडा `persist` नावाच्या वेगळ्या विभागात जपून ठेवतं आणि फोन चालू होताना गेजला पुन्हा भरवतं. म्हणून फॅक्टरी रिसेटनेही काही होत नाही, रिसेट त्या विभागाला हात लावत नाही. ताईंचा फोन मी रिसेट केला नाही, पण त्यांच्या भाच्याने आधीच करून पाहिला होता. मुलांचे वजन-उंचीचे फोटो गेले, आकडा तसाच.

याच ओघात `batterystats.bin` पुसण्याचं सांगतो, कारण ते अजून कुणीतरी सुचवतंच. त्या फाइलचा टक्केवारीशी संबंध नाही. कुठल्या ॲपने किती खाल्लं याचा तो हिशोब आहे. गूगलच्या अँड्रॉइड गटातल्या डायॅन हॅकबॉर्न यांनी २०१२ मध्येच हे स्पष्ट लिहिलं होतं.

रूट केलेल्या काही क्वालकॉम फोनमध्ये `/sys/class/power_supply/bms/charge_full` मध्ये आकडा लिहिता येतो. ताईंच्या फोनवर बँकेचं ॲप आणि सरकारी कामाचं ॲप, त्यामुळे तो विषयच काढला नाही. तात्पुरती सोय म्हणून एका चिठ्ठीवर लिहून दिलं. रात्री पूर्ण भरलेला असेल तर फोन ५० म्हणेल तेव्हा खरे ६४, ३० ला ५०, १५ ला ३९, आणि १ म्हणाला तरी २९ शिल्लक. त्यांनी ती चिठ्ठी कव्हरच्या आत घातली आणि दोन आठवडे त्यावर काम चालवलं.

शेवटी त्यांना तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जायचं होतं, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन फक्त "बॅटरी बदलल्याची नोंद करून द्या" एवढंच म्हणायला सांगितलं. काही कंपन्यांच्या दुरुस्ती-सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. तिथल्या मुलाने बाहेरची बॅटरी बघून थोडं तोंड वाकडं केलं, पण करून दिलं. परत आल्यावर वाचलं तर ४०००. त्यानंतरच्या पहिल्या खऱ्या फेरीत ३८८४, दुसऱ्या फेरीत ३८९०. तिथेच थांबला. आता १५ टक्क्यांवर व्होल्टेज ३.६९ येतं.

२० टक्क्यांवर बंद पडत असेल तर

हा उलटा प्रकार. गेज मूळ ४००० धरून आहे आणि बॅटरी लेबलवर काहीही लिहिलं तरी ३१०० ची आहे, तर ३१०० गेल्यावर फोन बंद, स्क्रीनवर तेव्हा २२-२३. दोन-तीन खऱ्या फेऱ्यांत टक्केवारी सुधारेल, पण त्याने बॅटरी मोठी होणार नाही. यूएसबी मीटर लावा आणि वॉट-तास कमी भरले तर ती परत करा.

मीटरवर वॉट-तास पूर्ण भरतात आणि तरी फोन २० ला बंद पडतो, तेही कॅमेरा किंवा फ्लॅश लावताना, तर रोध बघा. फोन नुसता पडून असताना आणि मग टॉर्च, पूर्ण उजेड, व्हिडिओ रेकॉर्डिंग एकदम चालू करून व्होल्टेज आणि प्रवाह टिपा. प्रवाह दाखवणारी ॲप मिळतात. समजा ०.३ अँपिअरला ३.८२ व्होल्ट आणि १.८ अँपिअरला ३.५२, तर ०.३० भागिले १.५, म्हणजे २०० मिलिओहम. माझ्या टेबलावर चांगल्या नव्या बॅटरीचे फोन साधारण ७० ते १२० मध्ये येतात. २०० दिसले की मी आधी कनेक्टर उघडून बघतो. अर्धवट बसलेला किंवा जुन्या ओलाव्याने काळा पडलेला कनेक्टर हे काम सहज करतो. साफ करून, नीट दाबून बसवल्यावरही आकडा तोच राहिला तर सेल वाईट.

तिसरी गोष्ट तापमान. `temperature` कधीही वाचा, २५० च येतंय, फोन हाताला चटका देत असतानाही, तर त्या बॅटरीत थर्मिस्टरच्या जागी साधा रेझिस्टर बसवलाय. स्वस्त मालात हे सापडतं. अशी बॅटरी टक्केवारीसाठी नाही, सुरक्षेसाठी काढून टाका, कारण ती किती तापली आहे हे फोनला कधीच कळणार नाही.

हल्ली बॅक पॅनल गरम करायला घेण्याआधी मी फोन चालू असेल तर काउंटर आणि टक्के वाचून भागाकार करतो, आणि तो आकडा जुन्या बॅटरीवरच मार्करने लिहितो. नवी लावल्यावर पुन्हा वाचतो. दोन्ही आकडे सारखे आले तर गिऱ्हाईक पायरी उतरण्याआधीच त्याला चिठ्ठी मिळते.